कोणाला ऐकायचं, कशासाठी

पैठण रस्त्यावर संभाजीनगर सोडून बिडकीनच्या दिशेने निघालं की चितेगाव लागतं. रस्त्याला लागून कारखाने, आत वळलं की कपाशी, तूर आणि मोसंबीच्या बागा. आमच्या शेतकरी गटातल्या अर्ध्याअधिक घरांमध्ये एक जण कारखान्यात पाळीवर जातो आणि दुसरा बाग बघतो. अशा माणसांसाठी आम्ही चितेगावच्या एका मंगल कार्यालयात एक दिवसाची मोसंबी परिषद घ्यायचं ठरवलं. दिवस जुलैअखेरचा धरला. आंबे बहाराची फळं तेव्हा झाडावर भरत आलेली असतात, व्यापारी बागा बघत फिरायला लागलेले असतात आणि नवी लागवड करायची तर रोपं घेण्याची वेळही तीच. वक्ते ठरले आणि ते जाहीर करण्याचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या भागात अशा कार्यक्रमाचं पत्रक कसं असतं, ते सगळ्यांना पाठ आहे. वर अध्यक्ष, उद्घाटक आणि प्रमुख पाहुणे. त्याखाली तज्ज्ञांची नावं, त्यांच्या पदव्या, आणि शेवटी "मौलिक मार्गदर्शन लाभणार आहे, तरी बहुसंख्येने उपस्थित राहावे". अण्णांनी, म्हणजे आमच्या गटातल्या ज्येष्ठांनी, तसाच मजकूर लिहून आणला होता. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण तो वाचून कोणत्या माणसाला कशासाठी ऐकायचं, हे कळत नव्हतं. शेतीच्या विजेची पाळी आठवड्याला बदलते. कधी दिवसा, कधी रात्री. कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणारा दुपारी बाराला उठून निघणार. आडूळ-पाचोडचा शेतकरी बीड रस्त्यावरून आडवाटेने इकडे येणार, म्हणजे त्याचा दिवस गेलाच. अशा माणसाला "मार्गदर्शन" या आश्वासनावर मी बोलावणार कसं? त्याला नेमकं सांगायला हवं होतं, की साडेअकराला हा माणूस उभा राहील आणि तुमच्या बागेविषयी अमुक एक गोष्ट सांगेल, जी त्या दिवशी दुसरं कोणीही सांगणार नाही.

म्हणून ठरवलं, की प्रत्येक वक्त्याच्या नावाखाली एकच ओळ असेल. त्याच्या पदवीची नाही, त्याच्या भाषणाला यायच्या कारणाची.

ओळ घरी बसून सुचत नाही. वक्त्याशी बोलावं लागतं. मी प्रत्येकाला फोनवर एकच प्रश्न विचारत होतो: तुमचं ऐकून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी बागेत पहिल्यांदा काय करेल? विषय विचारला की वक्ता शीर्षक सांगतो, "मोसंबीवरील एकात्मिक कीड व्यवस्थापन" असं काहीतरी. दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं विचारलं की तो थांबतो, आणि मग कामाचं बोलतो.

कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले एक कीटकशास्त्रज्ञ आम्हाला रसशोषक पतंगावर बोलणार होते. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत आंबे बहाराच्या फळांची जी गळ होते, तिच्यात या पतंगाचा मोठा वाटा असतो. तो अंधार पडल्यावर येतो, पिकत आलेल्या फळात सोंड खुपसून रस ओढतो आणि निघून जातो. त्या भोकातून बुरशी आत शिरते, भोवतालचा भाग मऊ होऊन सडतो आणि फळ खाली पडतं. शेतकरी सकाळी सडा पाहतो. पतंग त्याला दिसतच नाही. मी माझा प्रश्न विचारल्यावर सर म्हणाले, "बागेत काहीच करू नका म्हणावं. पहिल्यांदा बांधावर जा." कारण या पतंगाची अळी मोसंबीवर वाढत नाही. ती वाढते गुळवेल आणि वासनवेलीसारख्या रानवेलींवर, नाल्याकाठी, कुंपणावर. बागेत येतो तो फक्त मोठा झालेला पतंग, आणि तोही रात्री काही तासांसाठी, म्हणून दिवसा फवारलेलं औषध त्याला फारसं लागत नाही. पडलेली फळं उचलून पुरणं, संध्याकाळी बागेत धूर करणं, आमिष लावणं हे सगळं ते सांगणार होतेच. पण ओळ बांधावरच मिळाली: "तुमची फळं भोसकणारा पतंग तुमच्या बागेत जन्मत नाही, तो बांधावरच्या कोणत्या वेलीवर वाढतो, ते वेल दाखवून सांगतील." वेलींच्या फांद्या सर सोबत आणणार होते, म्हणूनच "दाखवून" हा शब्द लिहिला. आणणार नसते तर लिहिला नसता.

वनस्पती रोगांचे एक अभ्यासक ग्रीनिंगवर बोलणार होते. इथे गटात पहिला वाद झाला. आमच्यातल्या एकाने ओळ सुचवली, "ग्रीनिंगवर हमखास उपाय". गर्दी झाली असती, यात शंका नाही. पण ग्रीनिंग झालेलं झाड बरं करणारा उपाय नाही. या रोगाचा जिवाणू झाडाच्या अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांमध्ये राहतो, सिला नावाच्या बारीक किडीमार्फत आणि रोगट झाडाच्या डोळ्यांनी भरलेल्या कलमांमार्फत पसरतो. करता येतं ते एवढंच, की निरोगी रोप घ्यायचं, सिला आटोक्यात ठेवायची आणि रोगट झाड वेळेवर काढून टाकायचं. ज्याची दहा वर्षांची बाग पिवळी पडत आहे, त्याला "हमखास" म्हणून बोलवायचं आणि झाड काढा म्हणून सांगायचं, हे माझ्याने झालं नसतं. अभ्यासकांनाही तो शब्द नकोच होता.

मग त्यांच्याकडे सांगण्यासारखं काय होतं? बरंच होतं. पान पिवळं पडलं की आमच्याकडे पहिला संशय ग्रीनिंगचा येतो, आणि बहुतेक वेळा कमतरता असते जस्ताची. दोन्हींतला फरक पानावरच वाचता येतो. जस्त कमी असेल तर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणाची नक्षी सारखी असते, एका बाजूची घडी दुसरीवर घातली तर जुळेल अशी. ग्रीनिंगमध्ये ती जुळत नाही. डाव्या अर्ध्या भागात एका जागी पिवळा डाग, तर उजव्यात भलत्याच जागी. पुढे फळंही वाकडी, लहान राहतात आणि देठाच्या विरुद्ध टोकाला हिरवीच राहतात. पान पाहून पक्का निर्णय होत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत तपासणी लागते. पण कोणत्या झाडाचं पान तपासणीला द्यायचं, एवढं घरी ठरवता येतं. मी ओळ लिहिली: "जस्त कमी की ग्रीनिंग? पानाचे दोन अर्धे ताडून पाहायला शिका. येताना आपल्या बागेची पानं आणा."

ती वाचून दाखवली तर ते म्हणाले, "पानं नका मागवू." दहा गावांची पानं एका कार्यालयात आली आणि त्यांवर सिलाची अंडी-पिल्लं असली, तर रोग आम्हीच वाटून दिल्यासारखं व्हायचं. तेव्हा शेवटचे शब्द बदलून "पानं आणू नका, फोटो आणा, पानाच्या दोन्ही अर्ध्या बाजू दिसतील असा" असं केलं. ओळ लांबली, पण ती लांबायलाच हवी होती. एवढ्यानेच कितीतरी जण परिषदेच्या आधीच बागेत जाऊन पान निरखणार होते.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो ढोरकीनकडच्या एका शेतकरी काकूंच्या ओळीने. 2012-13 च्या दुष्काळात जायकवाडीचं पाणी मृतसाठ्यात गेलं, विहिरी आटल्या आणि मराठवाड्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. काकूंनी त्या वर्षी टँकरच्या पाण्यावर बाग जगवली. असा वक्ता कार्यक्रमपत्रिकेत "प्रगतशील शेतकरी – मनोगत" म्हणून शेवटी टाकायची पद्धत आहे. जेवणानंतर पाच मिनिटं. शास्त्रज्ञांना तासभर आणि ज्यांनी प्रत्यक्ष निर्णय घेतले त्यांना पाच मिनिटं, हे मला कधीच पटलेलं नाही. काकूंना मी उद्घाटनानंतर लगेच साडेदहाची वेळ दिली. त्यामागे आदराइतकंच पाळीचं गणित होतं. दुसऱ्या पाळीवाले बाराला निघतात आणि ज्यांची बाग घरातल्या बायका सांभाळतात अशी माणसं त्यांच्यातच जास्त आहेत.

ओळीसाठी गटाने सुचवलं होतं, "दुष्काळावर मात करणाऱ्या रणरागिणीची प्रेरणादायी यशोगाथा". मी ते काकूंना फोनवर वाचून दाखवलं.

"यश कसलं ओ भाऊ," काकू म्हणाल्या, "अर्धी बाग गेली की."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. टँकर आठवड्याला मिळायचा आणि सगळ्या झाडांना वाटला तर कोणाचंच भागणार नव्हतं. सुरुवातीला त्या सगळ्यांना थोडं थोडं देत होत्या. तशी सगळीच झाडं सुकत चालली, तेव्हा त्यांनी वहीत बागेचा नकाशा काढला आणि झाडावर चुन्याची खूण करायला घेतली. ज्यांना डिंक्या होता, ती पहिल्यांदा सोडली. मुरमाड कडेची, जिथे पाणी ओतलं की निघून जातं, ती त्यानंतर. म्हाताऱ्या झाडांवर घरात भांडण झालं. ती सासऱ्यांनी लावलेली होती. राहिलेल्या झाडांचा बहार धरलाच नाही. होती ती फुलं-फळं झाडून टाकली, फांद्यांचा भार छाटून कमी केला आणि आळ्यात उसाचं पाचट वीतभर पसरलं. पाणी दुपारी कधी दिलं नाही. पुढच्या पावसाळ्यात जी झाडं फुटली, ती या खुणेतली होती.

हे ऐकल्यावर ओळ शोधावी लागली नाही. "टँकर सगळ्या झाडांना पुरणार नव्हता. कोणती वाचवायची आणि कोणती सोडायची, हे झाडावर खूण करून ज्यांनी ठरवलं, त्यांची वही पाहा." काकू म्हणाल्या, वही मळकी आहे. मी म्हटलं, तीच आणा.

व्यापाऱ्याला वक्ता म्हणून बोलवावं की नाही, यावरही मतं पडली. "तो आपल्याला कशाला शिकवील?" असं अण्णांचं म्हणणं. पण आमच्या भागात निम्म्या बागा झाडावरच उक्त्या जातात आणि उक्ता सौदा म्हणजे अंदाजाचा सौदा. व्यापारी रोज बागा बघतो, शेतकरी आपली एकच बाग वर्षातून एकदा विकतो. अंदाज कोणाचा चांगला असणार? पाचोडच्या बाजारात माल घालणारे एक शेठ बोलायला तयार झाले, पण एका अटीवर: भाव काय राहील यावर ते अक्षर बोलणार नाहीत. माझी काही हरकत नव्हती. भावाचा अंदाज सांगणाऱ्याचं ऐकून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

त्यांनी फोनवर मला पद्धत सांगितली. मालक बांधालगतचं लदलेलं झाड दाखवतो, ते शेठ मोजतच नाहीत. बागेत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं चालायचं आणि वाटेतली ठरावीक अंतरावरची झाडं घ्यायची, चांगलं-वाईट न बघता. झाडाचा एक चतुर्थांश भाग मनात धरून तेवढीच फळं मोजायची, आत वाकून, कारण बाहेरून निम्मी दिसत नाहीत. समजा सरासरी साठ भरली. चौपट म्हणजे 240. किलोला पाच फळं बसतील असा आकार असेल तर झाडाला 48 किलो. तीनशे झाडांची बाग असेल तर 14,400 किलो, म्हणजे साडेचौदा टनांच्या जवळ. इथपर्यंत शेतकरीही पोचू शकतो. पुढे शेठ त्यातून गळीची वजावट धरतात. तोडणीला अजून किती दिवस आहेत, पाऊस किती राहिला, शेजारी नाला आहे का, पतंगाचा त्रास गेल्या वर्षी किती होता. ते बाराही धरतील, दहाही धरतील. सौद्यातली खरी ओढाताण या वजावटीत असते आणि शेतकरी मात्र एकूण रकमेवर घासाघीस करत बसतो.

ओळ झाली: "तुमच्या बागेत किती माल आहे याचा अंदाज व्यापारी कसा बांधतो, ते व्यापाऱ्याच्याच तोंडून, कागद-पेन आणि झाडांची संख्या घेऊन या." त्याखाली बारीक अक्षरात "या भाषणात बाजारभावाची चर्चा होणार नाही" हेही छापलं. गटातल्या काहींना ते नको होतं, लोक कमी येतील म्हणून. मला वाटलं, भाव ऐकायला आलेला माणूस चिडून परत जाण्यापेक्षा तो आलाच नाही तर बरं. याच कारणासाठी "शासकीय अनुदानाची माहिती" ही जोडओळही काढली. अनुदानावर बोलणारं कोणी येणारच नव्हतं.

पाचवे वक्ते पाण्याच्या ताणावर बोलणार होते. पत्रक छापखान्यात द्यायच्या आदल्या दिवशी घरच्या अडचणीमुळे त्यांचं येणं रद्द झालं आणि त्यांच्या जागी रोपवाटिका चालवणारे एक जण मिळाले. वेळ तीच, दुपारी दोन. नाव बदलून ओळ तशीच ठेवावी, असं एकाने सुचवलं. पण ओळ ही खुर्चीची नसते, माणसाची असते. रोपवाटिकावाले ताणावर बोलले असते ते ऐकीव असतं. त्यांना तोच प्रश्न विचारला आणि ते लगेच म्हणाले, "रोप घ्यायला जाताना टेप नेईल." मोसंबीचा डोळा रंगपूर लिंबूच्या खुंटावर भरतात, तो जमिनीपासून निदान वीतभर उंच हवा. तो खाली भरलेला असला किंवा लावताना खड्ड्यात खोल बसला, की मातीचा ओलावा मोसंबीच्या सालीला लागतो आणि डिंक्याच्या बुरशीला वाट मिळते. भारी काळ्या जमिनीत तर नक्कीच. खोडावर डिंक दिसेपर्यंत चार-पाच वर्षं निघून गेलेली असतात आणि रोप कोणाकडून घेतलं, हेही कोणाच्या लक्षात नसतं. "रोप पसंत करण्याआधी टेप लावा: डोळा किती उंचावर आहे, यावर पाच वर्षांनंतरचा डिंक्या ठरतो." मात्र "ठरतो" त्यांना जास्त वाटलं. पाणी खोडाला लागत राहिलं तर उंच कलमालाही डिंक्या होतो. म्हणून "डिंक्याचा धोका ठरतो" असं केलं.

पाचही ओळी झाल्यावर मी नावं झाकून त्या अण्णांना वाचायला दिल्या आणि विचारलं, ही कोणाची? अण्णांनी पाचही बरोबर ओळखल्या. मग ओळी आपसांत बदलून पाहिल्या. पतंगाची ओळ ग्रीनिंगवाल्यांखाली, काकूंची शेठांखाली. एकही बसेना. त्यावर अण्णांनी आपलं "मौलिक मार्गदर्शन" स्वतःच खोडलं. पाहुण्यांची नावं मात्र वर ठळक ठेवली, मानाच्या क्रमाने, कारण कार्यालयाचं भाडं आणि जेवण त्यांच्यामुळे झालं होतं. त्यांच्याखाली कारण लिहिलं नाही. वक्त्यांचा क्रम घड्याळाप्रमाणे ठेवला. छापण्याआधी प्रत्येकाला त्याची ओळ फोनवर शेवटची वाचून दाखवली आणि "हो" घेतलं.

पत्रक कृषी सेवा केंद्रांत, दूध संकलनावर आणि कारखान्यांच्या फाटकांबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवर लावलं, आणि तेच मोबाइलवर फिरवलं. फोन येऊ लागले. "पतंगाचं किती वाजता?" "फोटो सकाळच्या उजेडात काढू का?" पाचोडहून एकाने विचारलं, शेठांच्या भाषणाला त्याच्या सव्वाशे झाडांची बाग चालेल का, की मोठीच लागते. एका बाईंनी काकू बोलणार तेवढ्याच वेळेपुरतं यायचं असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, तेवढंच या.

परिषदेच्या दिवशी सभागृह कधीच पूर्ण भरलेलं नव्हतं आणि कधीच रिकामं नव्हतं. साडेदहाला पुढच्या रांगांत बायका होत्या, बारा वाजता त्यांतल्या काही उठल्या आणि पाचोड-आडूळची माणसं आली. ग्रीनिंगच्या वेळी अभ्यासकांसमोर मोबाइल धरलेल्यांची रांग लागली. त्यांनी बहुतेकांना जस्ताचं सांगितलं आणि ज्यांच्या पानाचे अर्धे जुळत नव्हते त्यांना झाडावर खूण करून तपासणी करून घ्यायला सांगितलं. साडेतीनला शेठ उभे राहिले, तेव्हा पाचोडचा तो सव्वाशे झाडांचा शेतकरी कागद घेऊन पुढेच बसला होता. शेठांनी त्याचेच आकडे फळ्यावर मांडले. चतुर्थांशात 45 फळं, म्हणजे झाडाला 180, किलोला पाच धरून 36 किलो, सव्वाशे झाडांचे साडेचार टन. मग शेठांनी गळीसाठी एक टन वजा केला. शेतकरी उठला आणि म्हणाला, "एक टन कशाचा? गेल्या साली पतंग नव्हताच माझ्याकडं." शेठ म्हणाले, नाला आहे ना शेजारी? त्यावर मागून कीटकशास्त्रज्ञ सर बोलले, नाल्याकाठच्या वेली आत्ता काढल्या तर एक टन धरायचं कारण नाही. शेठ आणि शेतकरी साडेचार वाजेपर्यंत त्याच वजावटीवर बोलत राहिले, आणि शेवटी अर्ध्या टनावर आले.